स्कॅन केलेल्या ग्रीटिंगवरची बारीक नक्षीदार चौकट काढताना: आतल्या कडेने सिलेक्शन कसं करावं

जुन्या ग्रीटिंगवरची बारीक सोनेरी चौकट काढायला बसलं की बहुतेक जण जादूच्या कांडीचं टूल घेतात, चौकटीवर क्लिक करतात आणि डिलीट दाबतात. अर्धी चौकट जाते, अर्धी राहते. उरलेल्या तुकड्यांवर पुन्हा क्लिक, पुन्हा डिलीट. शेवटी चौकट गेल्यासारखी वाटते, पण प्रिंट काढली की तिच्या जागी फिकट तपकिरी रेघ दिसतेच.

चूक होते ती काय सिलेक्ट करायचं हे ठरवतानाच. काढायची चौकट असली तरी सिलेक्ट करायचं ते आतलं चित्र, चौकटीच्या आतल्या कडेला धरून. चौकटीबाहेर सहसा कोरा कागद सोडून काहीच नसतं, त्यामुळे चौकट आणि बाहेरचा समास एकदमच झाकता येतो आणि खाली नवा कागद घालता येतो. चौकटीचा रंग, जाडी, नक्षी यांच्याशी झटापट करायची गरजच उरत नाही.

उदाहरण म्हणून एकच कार्ड शेवटपर्यंत घेतो. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या भावाने पाठवलेलं दिवाळीचं ग्रीटिंग होतं: 5 बाय 7 इंच, पुस्तकासारखं उघडणारं, पिवळसर कागदावर समई आणि रांगोळी, भोवती साधारण 1 मिलिमीटर जाडीची सोनेरी फॉइलची चौकट, चारही कोपऱ्यांत आत वळलेली वेलबुट्टी. काकूंना तेच चित्र 4 बाय 6 इंचांत छापून यंदा सगळ्यांना पाठवायचं होतं. दोन्ही मापांचं प्रमाण वेगळं आहे, त्यामुळे चौकट ठेवली असती तर ती दोन बाजूंनी कापली गेली असती. काम GIMP 2.10 या चित्र संपादनाच्या प्रोग्राममध्ये केलं आहे. मेनूंची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच देतो.

## 1. स्कॅन: निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं

600 डीपीआयला स्कॅन करा. 300 ला 1 मिलिमीटरची रेघ जेमतेम 12 पिक्सेलची येते आणि तिच्या दोन्ही कडांचे काही पिक्सेल धूसर असतात. 600 ला तीच रेघ 24 पिक्सेलची होते, आणि कड नेमकी कुठे संपते हे डोळ्यांना दिसतं. 5 बाय 7 इंचांचं कार्ड या मापाने 3000 बाय 4200 पिक्सेल भरतं. कोणताही साधा कॉम्प्युटर ते पेलतो.

फाइल TIFF किंवा PNG मध्ये घ्या. JPG मध्ये चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं, आणि रेघेसारख्या तीव्र कडेजवळच्या चौकोनांत बारीक मळकट ठिपके उठतात. चौकट काढल्यावर हे ठिपके आतल्या बाजूला तसेच राहतात.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचा पर्याय असेल तर बंद करा. शार्पनिंगमुळे गडद रेघेच्या कडेला एक उजळ पट्टी तयार होते. चौकट गेली तरी ही पट्टी मागे राहते आणि मग लोक म्हणतात, "रेघ काढली, तरी पांढरी सावली कुठून आली?" दुमडलेलं कार्ड असेल तर आत काळा कागद घाला. नाहीतर आतली अक्षरं कोऱ्या समासातून पुसट दिसतात.

फॉइल असेल तर: सोनेरी फॉइल स्कॅनमध्ये सोनेरी दिसत नाही. स्कॅनरचा दिवा तिरका पडतो, फॉइल तो प्रकाश आरशासारखा भलतीकडेच परतवते, आणि रेघ कुठे तपकिरी, कुठे जवळजवळ काळी, कुठे पिवळी येते. रंगावरून सिलेक्शन करणारी टूल्स इथे हरतात ती याच कारणाने. आतल्या कडेने जाणाऱ्याला मात्र त्या रंगाशी देणंघेणं नाही.

## 2. आधी सरळ करा, मगच कापा

कार्ड काचेवर कितीही नीट ठेवा, थोडं तिरकं येतंच. 0.4 अंशाचा कल डोळ्यांना जाणवत नाही, पण 4200 पिक्सेलच्या उंचीवर तो 29 पिक्सेलचा फरक पाडतो. म्हणजे चौकटीच्या जाडीपेक्षाही जास्त. वर कडेला अचूक बसवलेला आयत खाली आल्यावर चौकटीच्या पार बाहेर गेलेला असतो किंवा चित्रात घुसलेला असतो.

Measure टूल घ्या (Shift+M). चौकटीच्या सगळ्यात लांब बाजूच्या आतल्या कडेवर, वरच्या कोपऱ्याजवळून खालच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. कोपऱ्यातली नक्षी टाळा, सरळ भागावरच ओढा. मग टूल ऑप्शन्समधलं Straighten बटण दाबा.

कागदाच्या कडेवरून सरळ करू नका. छापखान्यात कागद कापताना कटर जरासा सरकतो, त्यामुळे कागदाची कड आणि छापलेली चौकट अनेकदा समांतर नसतात. आपल्याला चौकटीच्या आतली कड उभी-आडवी हवी आहे, म्हणून माप तिथूनच घ्यायचं.

पहिल्या फटक्यात नीट सरळ झालं नाही तर Ctrl+Z करून पुन्हा मूळ चित्रावर मोजा. सरळ केलेलंच पुन्हा फिरवलं तर प्रत्येक वेळी चित्र थोडं मऊ पडतं.

सरळ झाल्यावर Crop टूलने (Shift+C) स्कॅनरचा बाहेरचा भाग काढून फक्त कागद ठेवा. काकूंचं कार्ड इथे 3000 बाय 4200 झालं.

तपासा: डावीकडच्या रूलरमधून उभी गाइड ओढून चौकटीच्या डाव्या आतल्या कडेवर ठेवा. वरच्या आणि खालच्या टोकाला 400 टक्के झूम करून पाहा (3 ही की दाबली की तेवढा झूम होतो). दोन्हीकडे कड गाइडला टेकली पाहिजे. हेच उजवीकडेही करून पाहा. डावी कड बसते आणि उजवी बसत नाही असं झालं तर चौकटच किंचित तिरपी आहे. मग पुढच्या टप्प्यात आयत चालणार नाही. Free Select टूलने (F) चार कोपऱ्यांवर चार क्लिक करून चौकोन बांधा. Enter दाबेपर्यंत त्याचे बिंदू ओढून हलवता येतात.

## 3. आतल्या कडेने आयत

Rectangle Select घ्या (R). टूल ऑप्शन्समधलं Feather edges बंद ठेवा. फेदर म्हणजे कड मऊ करणं. तो नंतर द्यायचा आहे, आणि का हे पुढे येतं. वरच्या डाव्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या आतल्या कोपऱ्यापर्यंत आयत ओढा. आता एकेका बाजूला 400 टक्क्यांवर जाऊन ती कड ओढून नेमकी बसवा. शेवटचे एक-दोन पिक्सेल माऊसने जमत नाहीत, तेव्हा टूल ऑप्शन्समधल्या Position आणि Size च्या चौकटींत आकडे टाइप करा.

काकूंच्या कार्डात Position 213, 216 आणि Size 2570 बाय 3768 आलं. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. सिलेक्शन चुकून गेलं तर दोन सेकंदांत परत मिळतं.

कड "नेमकी" म्हणजे कुठे? चौकटीचा रंग आणि कागदाचा रंग यांच्या मधल्या धूसर पट्ट्याच्या मध्यावर. धूसर भाग टाळण्याचा प्रयत्न इथे करू नका, तो पुढे मोजून कापायचा आहे.

कोपऱ्यांतली वेलबुट्टी या आयतात शिरलेली असते. ती वजा करण्यासाठी Free Select घ्या, Ctrl दाबून धरा आणि नक्षीभोवती फेरी मारा. फेरी पहिल्या क्लिकच्या आधीच Ctrl दाबून सुरू करावी लागते, नाहीतर आयत जातो आणि फक्त नवी फेरी उरते. फेरी आयताच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा. नक्षीच्या प्रत्येक वळणामागे धावू नका. कोपऱ्यात कोरा कागदच आहे, तिथे गोलसर कापलं तरी काही हरवत नाही. चित्रातलं काही जवळ असेल तेवढ्याच बाजूला हात सावकाश चालवा.

तपासा: Shift+Q दाबा. सिलेक्ट न झालेला भाग लाल पडद्याखाली जातो. चौकट, समास आणि चारही कोपऱ्यांची नक्षी लाल दिसली पाहिजे. समई, रांगोळी आणि "शुभ दीपावली" ही अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. पुन्हा Shift+Q दाबून परत या.

## 4. आत सरका, मग कड मऊ करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

चौकटीची कड एका पिक्सेलवर संपत नाही. 600 डीपीआयच्या स्वच्छ स्कॅनमध्ये तिचा मळ आतल्या बाजूला चारेक पिक्सेल पसरलेला असतो. आपण कडेवर आयत बसवला म्हणजे तो मळ आत राहिला. त्यावर फेदर दिला तर आणखी बिघडतं, कारण फेदर कडेच्या दोन्ही बाजूंना पसरतो. 8 पिक्सेलचा फेदर दिला तर चौकटीचे बाहेरचे 8 पिक्सेलही पुसट स्वरूपात दिसायला लागतात. प्रिंटमध्ये दिसणारी ती फिकट भुताटकी रेघ हीच.

म्हणून आधी आत सरकायचं. किती? फेदर जितका द्यायचा तितकं, अधिक मळाची रुंदी. आपला फेदर 8 आणि मळ 4, म्हणजे 12 पिक्सेल. कागदावर हे अंतर अर्धा मिलिमीटर भरतं.

Select > Shrink... मध्ये 12 टाका. मग Select > Feather... मध्ये 8 टाका. क्रम हाच ठेवा. आधी फेदर आणि मग श्रिंक केलं तर कड कुठे आहे याचा हिशेबच राहत नाही.

तुमच्याकडे 300 चा JPG सोडून काहीच नसेल तर फेदर 4 द्या आणि श्रिंक 12 ठेवा, कारण JPG चे ठिपके 8 पिक्सेलपर्यंत आत येतात. मात्र 300 ला 12 पिक्सेल म्हणजे पूर्ण 1 मिलिमीटर. अक्षरं चौकटीला अगदी चिकटून असतील तर एवढं आत सरकणं परवडतं का, ते आधी पाहा.

दाबलेली चौकट असेल तर सावध: काही कार्डांवर फॉइल दाबून बसवलेली असते आणि बोट फिरवलं की खाच लागते. स्कॅनरचा प्रकाश एकाच दिशेने येतो, म्हणून वरच्या किंवा खालच्या आडव्या रेघेला बाकीच्या बाजूंपेक्षा रुंद सावली असते. काकूंच्या कार्डात खालच्या रेघेची सावली आत 10 पिक्सेलपर्यंत आली होती. तिथे 12 ने भागत नाही. अशा वेळी मागे जा, आयताची तेवढीच बाजू आणखी 6 पिक्सेल आत घ्या (म्हणजे उंची 3762) आणि पुढचे टप्पे पुन्हा करा. सगळ्या बाजूंनी जास्त कापू नका.

## 5. डिलीट नको, मास्क घाला

सिलेक्शन तसंच चालू असताना Layer > Mask > Add Layer Mask... उघडा, Selection निवडा आणि Add म्हणा. चौकट आणि समास नाहीसे होतात, त्यांच्या जागी राखाडी चौकडी दिसते. Invert करायची गरज नाही, कारण सिलेक्शन आधीपासूनच आतल्या चित्राचं आहे.

मूळ पिक्सेल मास्कखाली शाबूत असतात. याचा उपयोग लगेच होतो. काकूंच्या कार्डात समईच्या वरच्या ज्योतीचं टोक चौकटीवरून बाहेर आलेलं होतं, आणि मास्कने ते कापलं. ते परत आणायला लेयर्सच्या खिडकीत मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, Paintbrush घ्या (P), रंग पांढरा, Hardness 75 च्या आसपास, आणि ज्योतीच्या टोकावर हलकेच रंगवा. पांढऱ्याने दिसतं, काळ्याने लपतं. ज्योतीच्या बाजूला चौकटीचा तुकडा उघडा पडला तर काळा रंग घेऊन तो पुन्हा झाका. ज्योतीच्या आत रेघ नसते, ती ज्योतीमागून जाते, म्हणून हे काम दिसतं त्याहून सोपं आहे.

हे टोक आधीच सिलेक्शनमध्ये जोडून का घेतलं नाही? जोडलं असतं तर श्रिंकने त्या ज्योतीलाही 12 पिक्सेल खाल्लं असतं. चौकटीबाहेर डोकावणारी प्रत्येक गोष्ट मास्कवर हातानेच परत आणावी.

सावध: रंगवायच्या आधी Select > None (Ctrl+Shift+A) करा. सिलेक्शन चालू राहिलं तर ब्रश त्याच्या बाहेर काहीच करत नाही आणि तुम्ही ब्रशमध्येच बिघाड शोधत बसता.

## 6. खालचा कागद

नवं माप हवं असेल तर ते आत्ताच करून घ्या. 4 बाय 6 चं प्रमाण मिळवायला 3000 रुंदीला 4500 उंची लागते. Image > Canvas Size... मध्ये रुंदी-उंचीमधली साखळी तोडा, उंची 4500 करा, Center दाबा, मग Resize. कागदाचा लेयर याच्यानंतर बनवायचा, नाहीतर तो वर-खाली अपुरा पडतो.

Layer > New Layer... घ्या आणि तो चित्राच्या लेयरखाली ओढा. आता रंग. पांढरा भरू नका. जुना कागद पांढरा नसतो, आणि पांढरा भरला की चित्राभोवती नवीच चौकट उभी राहते.

Color Picker (O) घ्या, Sample average चालू करा, Radius 15 ठेवा म्हणजे कागदाच्या एका कणाचा नाही तर आसपासचा सरासरी रंग मिळेल. चित्राचा लेयर निवडा, मास्क नव्हे. आता मास्कच्या कडेपासून थोडं आत, कोऱ्या कागदावर डावीकडे आणि उजवीकडे क्लिक करून रंगाचे कोड बघा. काकूंच्या कार्डात डावीकडे `e9e1d0` आणि उजवीकडे `f3ecdc` आला. डावीकडे घडी होती, तिथे कागद काचेपासून जरा उचलला गेला आणि अंधारला. फरक थोडा वाटतो, पण एकच रंग भरला असता तर एका बाजूला जोड उठून दिसला असता.

म्हणून डावीकडचा रंग फोरग्राउंडला घ्या, उजवीकडचा Ctrl दाबून बॅकग्राउंडला. कागदाचा लेयर निवडा, Gradient टूल (G) घ्या, FG to BG (RGB) आणि Dithering चालू करा, डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढून Enter दाबा. दोन्ही बाजूंचे रंग सारखेच निघाले तर ग्रेडियंटची गरज नाही, Edit > Fill with FG Color पुरे.

आता रंग जुळला, पण भरलेला भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. Filters > Noise > RGB Noise... उघडा, Independent RGB बंद करा म्हणजे रंगीत ठिपके येणार नाहीत, तिन्ही पट्ट्या 0.02 वर ठेवा आणि 100 टक्के झूमवर (1 की) शेजारच्या खऱ्या कागदाशी ताडून कमी-जास्त करा. हातकागदासारखा तंतू दिसणारा कागद असेल तर नॉइजने काम होत नाही. तिथे Clone टूलने (C) चित्रातल्या कोऱ्या जागेवरचा खरा कागद उचलून जोडावर पसरावा, आणि दर थोड्या वेळाने उचलायची जागा बदलावी. एकाच जागेवरून उचललं की तोच डाग रांगेत पुन्हा पुन्हा दिसतो.

## 7. राहिलेली रेघ शोधणे

डोळे इतका वेळ पाहून सरावलेले असतात, त्यांना आता फिकट रेघ दिसत नाही. Layer > New from Visible करा आणि त्या नव्या लेयरवर Colors > Levels... उघडा. Input Levels मधला काळा त्रिकोण 200 च्या पुढे ओढत न्या. कागदातला बारीकसा फरकही आता ठळक होतो. चित्र विचित्र दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. पाहायचं ते फक्त जुन्या चौकटीच्या जागी.

सरळ गडद रेघ दिसली तर त्या बाजूला चौकटीचा मळ राहिला आहे. मास्कवर काळ्या रंगाचा मऊ ब्रश घेऊन त्या कडेवर फिरवा. सरळ चालायला एका टोकाला क्लिक करा, Shift धरून दुसऱ्या टोकाला क्लिक करा. उजळ रेघ असेल तर ती शार्पनिंगची पट्टी आहे, उपाय तोच. रेघ नाही पण आत-बाहेर रंगाची पायरी दिसते, तर मास्क बरोबर आहे आणि कागदाचा रंग चुकला आहे. सहाव्या टप्प्यावर जाऊन त्या बाजूचा रंग पुन्हा उचला.

पाहून झालं की हा तपासणीचा लेयर काढून टाका. तो सगळ्यात वर असतो, विसरला तर तोच छापला जातो.

## 8. जतन आणि प्रिंट

मास्कसह मूळ काम File > Save As... ने `.xcf` मध्ये ठेवा, छापण्यासाठी File > Export As... ने `.png` काढा. Image > Print Size... मध्ये रुंदी 4 इंच टाका. साखळी जोडलेली असेल तर उंची आपोआप 6 येते, आणि पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त 750 डीपीआय होतात.

पूर्ण गठ्ठा छापायच्या आधी एकच प्रत काढा, त्याच कागदावर. खिडकीजवळ नेऊन ती तिरकी धरा आणि जुनी चौकट जिथे होती तिथे नजर फिरवा. काकूंच्या पहिल्या प्रतीत खालच्या डाव्या कोपऱ्यात वेलबुट्टीचं एक टोक पुसट उमटलं होतं, स्क्रीनवर दोनदा पाहूनही निसटलेलं. मास्कवर काळ्या ब्रशचे दोन फटकारे दिले, दुसरी प्रत काढली आणि मग उरलेल्या चाळीस छापायला दिल्या.